श्रावणातली अर्धी हजेरी

माझा स्वभाव तापट. आता हातपाय थकले तरी तो काही थकला नाही. तरुणपणी तर विचारूच नका. कोणी एक बोलला की मी दोन ऐकवायचो आणि मग आठ दिवस एकटाच बसायचो. ही गोष्ट त्याच दिवसांतली आहे आणि तिच्यात दोष दुसऱ्यांचा किती आणि माझ्या तोंडाचा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं शेवटचं वर्ष होतं. शेलूबाजारच्या दोन कोस अलीकडे एका गावाबाहेर दवाखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथं गवंडी होतो. दगडाची भिंत, चुन्याचा गारा. सिमेंट तेव्हा डोळ्याला दिसत नव्हतं, सगळं लढाईवर जात होतं म्हणे. मला रुपया रोज होता. रोज म्हणायचं, पण पैसे महिन्यानं, अमावस्येला. कारण अमावस्येला आमच्या धंद्यात कोणी दगडाला हात लावत नाही. महिनाभराच्या हजेऱ्या मोजायच्या आणि तितके रुपये हातावर. बाजारच्या दिवशी सुट्टी, तिचा पैसा नाही. पाऊस लागला, काम बंद, पैसा नाही. चुना आला नाही, काम बंद, पैसा नाही. महिना तीस दिवसांचा असो नाहीतर एकोणतीस, आमचा महिना आभाळ ठरवायचं.

मी राहायचो तिथंच, चुना ठेवायच्या छपरात. बाकीचे सगळे आसपासच्या खेड्यांतले; संध्याकाळ झाली की घरी जायचे. मग मी, चुना मळायच्या घाणीचा बैल आणि दगडांचे ढीग. बैलसुद्धा माझ्याकडे पाठ करून बसायचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. एकच मुलगी, सात वर्षांची, ती कामरगावला माझ्या आपाकडे, म्हणजे मोठ्या बहिणीकडे, तिच्या फूफीकडे ठेवली होती. चांगली ठेवली होती त्यांनी, त्याबद्दल बोलायला जागा नाही. पण त्या पावसाळ्यात आपाचा निरोप आला. तिच्या नवऱ्याला नागपूरला काम लागलं होतं, ईद झाली की सगळं बिऱ्हाड घेऊन ते जाणार होते. "पोरीला घेऊन जा, नाहीतर ती आमच्याबरोबर येईल," असा निरोप. नागपूर म्हणजे तेव्हा मला विलायत वाटायचं. एकदा गेली की वर्षातून एकदा दिसणार आणि दोन-तीन वर्षांत आपाच्या पोरांसारखी मला मामूच म्हणायला लागणार. ते मला सहन होणार नव्हतं. पण सात वर्षांची पोर बैलाशेजारी छपरात कशी ठेवणार?

गावात एका पाटलीणबाईची खोली रिकामी होती. तीन रुपये महिना, दोन महिन्यांचे आगाऊ. बाई म्हणाली, "पोयाच्या दिवशी सहा रुपये आनून देशील तर खोली तुयी. नाई तं मी त्यात कडबा भरून टाकीन." सहा रुपये खोलीचे. दोघांना महिनाभराची ज्वारी, डाळ, तेल मिळून आठ. जाण्यायेण्याचे मोटारीचे आणि ईदचे म्हणून दोन. झाले सोळा. पोरीला नवं कापड घ्यायचं मी आधीच सोडून दिलं होतं. कापून कापून ते सोळा उरले होते, त्यातून आणखी कापायला जागाच नव्हती. माझं त्या महिन्याचं खाणं मागच्या पगारातून भागत होतं. सुट्ट्या वजा जाता कामाचे दिवस पंचवीस. मला वाटलं, पंचविसातून सोळा? डोळे मिटून होतील.

त्या वर्षी श्रावण आणि रमजान एकाच चंद्रावर सुरू झाले. म्हणजे अमावस्येला, पोळ्याला, पगार आणि एक-दोन दिवसांत ईद. मी खूष. म्हटलं, अल्लानं हिशेब जमवून दिला.

आता हजेरीची रीत सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. हजेरी दोनदा व्हायची. सकाळी एक, दुपारच्या भाकरीनंतर दुसरी. दिवसभर काम झालं तर पूर्ण रोज. भाकरीनंतर पाऊस आला तर अर्धा. भाकरीच्या आधीच काम थांबलं तर त्या दिवसाचा खाडा, सकाळपासून कितीही दगड चढवले असोत. दुपार भाकरीवर का ठरवायची? तर घड्याळ तिथं कोणाकडे नव्हतं. उन्हाळ्यात हजेरी मांडणारा मुनीम एक खुंटी रोवायचा आणि तिची सावली बघायचा. श्रावणात सावली कुठून आणणार? दिवस दिवस सूर्य दिसायचा नाही. म्हणून फडक्यातली भाकर सुटली की दुपार झाली, असं ठरलं.

आणि आमचे लोक काय कमी? आभाळ भरून आलं की सकाळी नऊ-दहालाच कोणीतरी ओरडायचं, "भाकर सोडा रे!" सगळे हात धुऊन बसले की मुनीम वही घेऊन फिरायचा. मग पाऊस आला तरी अर्धा रोज पक्का. मुनिमाला हे कळत होतं, काम घेतलेल्या ठेकेदारालाही कळत होतं. पण श्रावणात शेतकरी निंदणाला, तण काढायला, माणसं शोधत फिरतो. हा अर्धा रोज दिला नसता तर अर्धी माणसं शेतात पळाली असती, म्हणून दोघे गप्प होते.

फक्त एक झालं होतं. आषाढात दोघा गड्यांनी घरून काही न आणताच फडक्यात चिंध्या बांधून आणल्या आणि भाकर म्हणून सोडल्या. ते ठेकेदाराला कळलं. त्यानं मुनिमाला सर्वांसमोर झापलं, "गाठोडं पाहून हजेरी मांडायची नाही. घास तोंडात गेलेला दिसला पाहिजे." मुनीम घाबरट माणूस. तेव्हापासून तो एकेकासमोर उभा राहून बघायचा आणि मगच वहीत रेघ ओढायचा.

आता मी रोजेदार. त्या सगळ्या कामावर एकटा मीच. सगळे भाकर सोडायचे तेव्हा मी भिंतीपलीकडे ओळंबा पुसत बसायचो. पहिल्या आठवड्यात एक दिवस असंच झालं. दहाच्या सुमारास लोकांनी भाकरी सोडल्या, घटकाभरात पाऊस कोसळला, काम बंद. संध्याकाळी मी सहज विचारलं, तर मुनीम म्हणाला, "तुमचा खाडा हाय मिस्तरी."

"काहून?"

"तुमी भाकर खाल्लीच नाई."

माझं डोकंच फिरलं. "अरे, रोजा हाय माहा! भाकर कशी खाऊ? आन् सकायपासून दगड मी चढवले का तुह्या बापानं?"

बाप काढायला नको होता. तो साधा माणूस, पोटासाठी वही धरणारा. त्याचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला, "नेम म्या केला का? ठेकेदार पोयाले येईन तवा त्याले सांगा." आणि वही मिटून निघून गेला. त्या वेळी दोन गोड शब्द बोललो असतो तर त्यानं काही मार्ग काढला असता, असं मला आज वाटतं. पण मी दुसऱ्या दिवशीही त्याच्याशी बोललो नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. बोललो नाही म्हणजे नाहीच.

त्यात श्रावणी सोमवार. सोमवारी निम्मे गडी उपाशी असायचे. आभाळ आलं की तेही बसायचे आणि फडक्यातून भाजलेले शेंगदाणे काढायचे. चार दाणे तोंडात टाकले की मुनीम रेघ ओढायचा. त्यांचा उपास आणि हजेरी दोन्ही शाबूत! माझा तेवढा खाडा. मी भिंतीआडून बघायचो आणि दात खायचो. त्यांचा काही दोष नव्हता, पण राग यायचा तो यायचाच.

चुना कालवणारी एक म्हातारी मावशी होती. तिलाच काय ती माझी कणव होती. ती एकदा जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबू, म्या तुयासाठी एक भाकर आनत जातो. तू तोंडापाशी ने आन् लपवून टाक. तो काई तुया घशात हात घालून पायनार नाई."

मी तिच्यावरच खेकसलो. "रोज्यात खोटं करू का मावशी? मंग रोजा ठेवाचा कायले?"

"नोको करू बाप्पा," ती म्हणाली. "म्या आपलं सांगतलं."

आणि ती गारा तुडवायला निघून गेली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. म्हणजे मुनीम गेला, मावशी गेली, आता बैल उरला.

असे तीन अर्धे रोज गेले. तीन दिवस सकाळपासूनच पाऊस, ते सगळ्यांचेच गेले. मग गाड्या चिखलात रुतल्या, चुनाभट्टीची लाकडं भिजली आणि दोन दिवस चुनाच आला नाही. त्या दोन दिवसांत बाकीचे निंदणाला गेले. मीही गेलो. का गेलो कोण जाणे. मी कारंज्याचा गवंड्याचा मुलगा, मला शेतातलं काय कळतं? तासाभरात मी गवताबरोबर तुरीची रोपं उपटून ओळच्या ओळ साफ केली. बाया पोट धरधरून हसल्या. शेतकरी बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, "मिस्तरी, तुमी जा. तुमी भिंतच बांधा." मी परत आलो आणि छपरात बसून राहिलो. हसू मलाही आलं, पण ते कोणाला सांगायला जवळ कोणी नव्हतं.

संध्याकाळ सगळ्यांत वाईट. त्या गावात आमच्या लोकांचं एकही घर नव्हतं, त्यामुळे अजान ऐकू यायची नाही. आभाळामुळे सूर्य कधी बुडाला तेही कळायचं नाही. कावळे झाडावर येऊन गप्प झाले की मी अंदाज करायचो आणि वर आणखी थोडा वेळ थांबायचो, चूक व्हायला नको म्हणून. मग गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. घरी असताना रोजा सोडायची वेळ म्हणजे केवढी गडबड. कोणी पाणी देतंय, कोणी भजी काढतंय, पोरं ताटाभोवती. इथं गूळ चघळताना माझा मलाच आवाज ऐकू यायचा. एकदा तर मी मोठ्यानं म्हणालो, "चला, सोडा रोजा." आणि आपलाच आवाज ऐकून मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, रडलो.

पहाटे उठवायलाही कोणी नाही. दोनदा जाग आली नाही आणि सहरी, म्हणजे उजाडायच्या आधीचं खाणं, न करताच दिवस काढला. पण रोजा चुकवला नाही. एकही नाही. बोटावर मोजत होतो. रोजेही आणि रुपयेही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे कामाच्या शेवटच्या दिवशी, माझा हिशेब साडेपंधरावर आला होता. पंधरा दिवस पूर्ण भरले होते. एक अर्धा असाच मिळाला होता. त्या दिवशी दुपारची वेळ सरून काम पुन्हा सुरू झालं होतं, मी भिंतीवर होतो आणि पाऊस नंतर आला. बाकी सगळे खाडे. मला आता अर्धाच रुपया हवा होता. दिवस पूर्ण भरला तर प्रश्नच नाही. पण पाऊस भाकरीच्या आधी आला तर साडेपंधरा. कोणी म्हणेल, आठ आण्यांत काय अडतं? पोरीला घेऊन यायचं मोटारीचं भाडं त्यात अडत होतं. खोली असेल, ज्वारी असेल आणि पोर कामरगावातच असेल, तर त्या खोलीला काय करायचं? उसने मागायचे तर कोणाकडे? ज्यांच्याकडे मागावे त्या सगळ्यांशी मी तोंड वाकडं करून बसलो होतो.

सकाळ कोरडी गेली. मी देवाचं नाव घेत दगड बसवत होतो. दहाच्या सुमारास मंगरूळपीरच्या बाजूनं आभाळ उठलं. काळंकुट्ट. वारा पडला. गडी लगेच ओरडले, "भाकर सोडा रे!" सगळे भिंतीवरून उतरले.

मीही उतरलो.

मावशी कडेला बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं वर बघितलं. फडक्यातली एक भाकर मोडून तिनं अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा. मी बाकीच्यांच्या ओळीत जाऊन बसलो. महिनाभरात त्या ओळीत मी पहिल्यांदा बसलो होतो. शेजारच्या गड्यानं सरकून जागा दिली. मी खरं सांगतो, मनात हेच होतं की तोंडापाशी न्यायची आणि लपवायची, मावशीनं सांगितलं होतं तसं.

मुनीम वही घेऊन आला. एकेकाला बघत, रेघ ओढत माझ्यासमोर आला आणि थबकला. त्याला वाटलं असणार की मी काहीतरी भांडण काढतोय. त्यानं माझ्या हातातली भाकर बघितली, माझं तोंड बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मिस्तरी, राहू द्या. उगीच..."

त्याचं ते "राहू द्या" म्हणजे काय होतं? न खाता रेघ ओढतो असं म्हणायचं होतं, की उठून जा असं? मी आजवर विचार करतो. तेव्हा मला तेवढी फुरसत नव्हती. समोर आभाळ होतं आणि साडेपंधरा होते. मी घास तोडला आणि खाल्ला. त्याच्या डोळ्यांत बघत खाल्ला. मग दुसरा. तिसरा पाणी पिऊन उतरवला. मुनिमानं खाली मान घालून रेघ ओढली आणि पुढे गेला. मावशी पदरानं डोळे पुसत होती, की ठेचा झोंबला होता, देव जाणे.

आम्ही हात धुतले आणि पावसाची वाट बघत बसलो. वारा आला. आभाळ सरकलं. शेलूबाजाराकडे गेलं आणि तिकडे कुठंतरी पडलं असेल तर पडलं असेल. इथं एक थेंब आला नाही. थोड्या वेळानं लख्ख ऊन पडलं, महिन्याभरात पडलं नव्हतं असं. "चला रे, चढा!" गड्यांवरचा मुकादम ओरडला. आम्ही दिवस बुडेपर्यंत काम केलं. पूर्ण रोज भरला. मी काहीच खाल्लं नसतं तरी भरला असता. त्या दिवशी सूर्य बुडताना अगदी स्पष्ट दिसला. मी गुळाचा खडा काढला, हातात धरला आणि परत ठेवून दिला.

पोळ्याला ठेकेदार आला, पगार वाटला. मी साडेसोळा घेतले. तक्रार केली नाही. कोणत्या तोंडानं करणार? पाटलीणबाईला सहा दिले, किल्ली घेतली. दुसऱ्या दिवशी रोजा धरून कारंज्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत कोळशाच्या गॅसवर चालणारी एक मोटार मिळाली. ती चढाला ढकलावी लागायची, तीही ढकलली. कामरगावला पोचलो तेव्हा रोजा सोडायची वेळ होत आली होती. आपानं दारातच विचारलं, "खोली मिली?" मी किल्ली दाखवली. आपा "शुकर है" म्हणाली आणि पोरीला हाक मारली.

पोर धावत आली आणि पायाला बिलगली. उंच झाली होती. ताटाभोवती सगळे बसलो. तिला एक बातमी सांगायची होती, ती पोटात मावत नव्हती. तिनं यंदा पहिला रोजा ठेवला होता, जुम्म्याला. "पूरा रखा, अब्बा. फूफीने लड्डू सामने रखा, तोभी नहीं खाया. पानी भी नहीं." बोलताना तिचे डोळे मोठे झाले होते. सगळे हसले, कौतुक केलं. मीही तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग ती माझ्या मांडीवर रेलून म्हणाली, "और तुमने? तुमने कितने रखे?"

"सब," मी म्हणालो.

त्या एका रोज्याच्या बदल्यात पुढे मी किती ठेवले ते मी आणि अल्ला जाणतो. ते फिटलं असेल. हा "सब" फिटला नाही. पोर माझ्याजवळच वाढली, त्या खोलीत, मग दुसऱ्या खोलीत, आणि तिथूनच सासरी गेली. आता तिलाच नातवंडं आहेत. रमजान आला आणि एखादं पोर भुकेनं रडायला लागलं की ती त्याला जवळ घेऊन सांगते की तुमचे मोठे अब्बा श्रावणात दिवसभर दगड उचलायचे, एकटे राहायचे, पण एक रोजा चुकवला नाही. पोरं वळून माझ्याकडे बघतात. मी खाटेवर बसलेला असतो. मान हलवतो.